गौरी-समीरच्या लग्नाला यायचं हं!

॥ श्री गणेशाय नमः ॥

चि. सौ. कां. गौरी
सौ. मंगल व श्री. विलास जगताप (वाई) यांची धाकटी कन्या

आणि

चि. समीर
सौ. उज्ज्वला व श्री. अनंत देशमाने (पुणे) यांचे ज्येष्ठ चिरंजीव

यांचा शुभविवाह
रविवार, ७ फेब्रुवारी २०२७, दुपारी १२ वा. २१ मि.
स्थळ: जगताप यांचा मळा, मेणवली रस्ता, वाई

वरची जोडी साखरपुड्याच्या फोटोंवरून काढली आहे. गौरीची डाव्या गालावरची खळी आणि समीरचा गोल चष्मा अगदी तसाच! नऊवारी, नथ आणि मुंडावळ्या मात्र चित्रात आधीच चढल्या आहेत.

चित्रातली गौरी म्हणते: "हळद शनिवारी संध्याकाळी ५ वाजता मळ्यातच आहे. पिवळं नेसून या. अक्षता पावणेबाराला वाटायला घेऊ, तेव्हा मंगलाष्टकांआधी पोहोचा."

चित्रातला समीर म्हणतो: "पुण्याची मंडळी, रविवारी खंबाटकी घाटात महाबळेश्वरच्या गाड्यांची गर्दी असते, म्हणून सातच्या आत निघा. सुरूर फाट्यावरून वाईकडे वळा. स्वारगेटहून सकाळी साडेसहाला आपली बस आहे. जागा ४५ आहेत, २५ जानेवारीपर्यंत आईला फोन करून नावं सांगा."

पंगत १ वाजता: मसालेभात, अळूची भाजी, जिलेबी, मठ्ठा. आजी-आजोबांसाठी टेबल-खुर्च्या मांडल्या आहेत.

आहेर आणू नये. तुमचे आशीर्वाद हवेत, आणि ते समोर येऊनच द्यायचे!

आपले नम्र,
समस्त जगताप व देशमाने परिवार

आमच्या ताईच्या लग्नाला नक्की या हं!
– सई, ओवी, अर्णव