विषय: घाटंजी केंद्रासाठी QGIS, QField आणि प्लॉट-डेटाबेस वाचण्याची परवानगी, २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत (आधीचं तिकीट SR-1184)

दिनांक: ८ सप्टेंबर २०२५
प्रति: तांत्रिक साहाय्य विभाग, नागपूर कार्यालय
प्रत: केंद्र व्यवस्थापक, घाटंजी, आयसीएस व्यवस्थापक, माहिती विभागप्रमुख

नमस्कार,

SR-1184 हे माझं तिकीट २९ ऑगस्टला "कारण अपुरे, मंजुरी जोडलेली नाही" असा शेरा मारून बंद झालं. शेरा बरोबरच होता, मी तेव्हा दोनच ओळी लिहिल्या होत्या. या वेळी सगळं सविस्तर लिहिते आहे आणि मंजुरीचे तिन्ही मेल सोबत जोडले आहेत.

मागणी अशी. केंद्राच्या लॅपटॉपवर (GHT-LT-03, विंडोज ११) QGIS या नकाशाच्या सॉफ्टवेअरची ३.४० ही दीर्घकालीन आवृत्ती बसवून हवी. संस्थेच्या तीन अँड्रॉइड फोनवर (GHT-PH-01 ते 03) तेच नकाशे शेतावर उघडणारं QField हवं. आणि नागपूरच्या डेटाबेसमधल्या आमच्या केंद्राच्या प्लॉटच्या हद्दी माझ्या लॉगिनला फक्त वाचता याव्यात. लॅपटॉपवर कायमचे अ‍ॅडमिन हक्क नकोत, तुम्ही बसवून दिलंत की काम झालं. दोन्ही सॉफ्टवेअर मुक्त परवान्याची आहेत, त्यामुळे खर्चाच्या मंजुरीचा प्रश्न येत नाही.

आता कारण. आपल्या सेंद्रिय कापूस गटात घाटंजी केंद्राचे ३१२ शेतकरी आहेत, १४ गावांत मिळून ४६७ प्लॉट. एनपीओपी या राष्ट्रीय सेंद्रिय कार्यक्रमाच्या गट-प्रमाणीकरणात प्रत्येक वावर नकाशावर ओळखता आलं पाहिजे आणि शेजारच्या रासायनिक शेतापासूनचा बफर कोणत्या बाजूला आहे ते दिसलं पाहिजे. आमच्याकडे आजही हे नकाशे क्षेत्र सहायकांनी हाताने काढलेले आहेत. मागच्या हंगामात बाह्य निरीक्षक एका प्लॉटवर आले तेव्हा मी सोबत होते. कागदावर उत्तर दिशा उलटी काढलेली होती. ते धुऱ्यावर उभे राहिले, कागद पाहिला आणि शेजाऱ्याच्या फवारलेल्या पऱ्हाटीकडे वळले. त्या शेतकऱ्याने धुऱ्याला लागून तुरीच्या ओळी टाकून बफर नीट राखला होता. तरीही अहवालात त्याच्या नावापुढे त्रुटी लागली, आणि ती निस्तरायला आम्हाला तीन फेऱ्या माराव्या लागल्या. त्या माणसाने दोन वर्षांचा रूपांतरण काळ रासायनिक खताचा दाणाही न टाकता काढला होता. आमच्या कागदापायी त्याला खाली मान घालावी लागली, हे मला अजून सलतं.

दुसरी अडचण क्षेत्रफळाची. फोनवर शेताभोवती फिरून घेतलेले बिंदू आम्ही एक्सेलमध्ये टाकून क्षेत्र काढत होतो. त्या सूत्रात अक्षांश आणि रेखांश दोन्हींचा एक अंश १११ किलोमीटर धरलेला होता. विषुववृत्तावर ते चालतं, पण आपल्याकडे, २० अंशांच्या आसपास, रेखांशाचा एक अंश साधारण १०४ किलोमीटर भरतो. म्हणजे प्रत्येक वावर सुमारे सहा टक्के फुगलं: सातबाऱ्यावर २ हेक्टर असलेलं शेत आमच्या यादीत २.१३ झालं. क्षेत्र फुगलं की अपेक्षित उत्पादनाचा अंदाज फुगतो, आणि गटाच्या नावावर बाहेरचा कापूस खपवायला जागा राहते असा संशय निरीक्षकाला येणं साहजिक आहे. QGIS मध्ये EPSG:32644, म्हणजे ७८ अंश रेखांशाच्या पूर्वेकडचा यूटीएम पट्टा, लावून हे मोजमाप नीट होतं. एक सांगून ठेवते. आपला जिल्हा ७८ अंश रेखांशाच्या दोन्ही बाजूंना पसरलेला आहे, त्यामुळे पुसद, दिग्रसकडच्या केंद्रांना 32643 लागेल. पुढे त्यांची मागणी आली तर आमची फाइल तशीच उचलून देऊ नका.

डेटाबेसच्या परवानगीबद्दल. शेतकऱ्यांचे मोबाईल आणि आधार क्रमांक मला नकोत, माझ्या कामाला ते लागत नाहीत, आणि लॅपटॉप रोज मोटरसायकलवरून गावोगाव फिरतो. माहिती विभागप्रमुखांनीही याच अटीवर होकार दिला आहे. मूळ तक्ता न उघडता असा वेगळा व्ह्यू दिला तर पुरे:

```sql
CREATE VIEW plots_ght AS
SELECT plot_id, farmer_code, village, gat_no, season, geom
FROM plots
WHERE center_code = 'GHT';

GRANT SELECT ON plots_ght TO ght_reader;
```

हद्दीत दुरुस्ती निघाली तर मी थेट बदलणार नाही. वेगळी फाइल माहिती विभागाला पाठवीन, ते तपासून चढवतील. ही परवानगी ३१ मार्च २०२६ पर्यंत असू द्या. वेचणी आणि जिनिंगच्या नोंदी तोवर आटोपतात, पुढे लागली तर नव्याने मागेन.

मंजुरीचा क्रम असा आहे. केंद्र व्यवस्थापकांनी १ सप्टेंबरला तोंडी होकार दिला आणि २ तारखेला मेल केला (जोडपत्र १). त्यावर आयसीएस व्यवस्थापकांनी ३ तारखेला "निरीक्षणासाठी आवश्यक" असं लिहून मान्यता दिली (जोडपत्र २). माहिती विभागप्रमुखांचा अटीसह होकार ४ तारखेचा आहे (जोडपत्र ३). तुमच्याकडची सुरक्षा-तपासणी तेवढी बाकी आहे. ती कोण करतं ते मला कळवलंत तर त्यांच्या प्रश्नांची उत्तरं मी थेट देईन.

तारीख २२ सप्टेंबर, सोमवार, ही का, तेही सांगते. बाह्य निरीक्षण ६ ऑक्टोबरपासून सुरू होतं. ४६७ प्लॉटच्या हद्दी तपासायच्या, शंका असेल तिथे फोन घेऊन पुन्हा वावरात जायचं, मग गावनिहाय १४ नकाशे छापायचे. मधे २ ऑक्टोबरला दसरा आहे. आमच्यातले तिघे धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर जातात, आणि त्यांनी जायलाच हवं, म्हणून ते तीन दिवस मी हिशेबात धरलेच नाहीत. सगळं एकदम जमणार नसेल तर आधी QGIS आणि व्ह्यू द्या, फोनवरचं QField २५ तारखेपर्यंत चालेल. २२ च्या पुढे QGIS गेलं तर हाताने काढलेल्या नकाशांवरच निरीक्षणाला सामोरं जावं लागेल, आणि तसं असेल तर मला १५ तारखेपर्यंत कळवा, म्हणजे निदान त्यांच्या उत्तर दिशा तरी आम्ही जागेवर जाऊन तपासून घेऊ.

एक व्यवहाराची गोष्ट. QGIS ची फाइल एक जीबीच्या वर जाते आणि आमच्या केंद्रात ती उतरणं अवघड आहे, लाइन गेली की राउटर बंद पडतो आणि डाउनलोड पुन्हा पहिल्यापासून. दर गुरुवारी मातीचे नमुने घेऊन आपली गाडी नागपूरला येते. प्रमोदभाऊंकडे पेनड्राइव्ह देते, तुम्ही तपासलेली फाइल त्यात टाकून द्या. बसवताना दूरून जोडायचं असेल तर सकाळी ८ ते १० या वेळात लाइन शक्यतो असते. लॅपटॉपच नागपूरला हवा असेल तर ११ तारखेच्या गुरुवारी त्याच गाडीने पाठवते, पण पुढच्या गुरुवारी, १८ ला, तो परत मिळायला हवा.

मी दुपारी बहुतेक शेतावर असते, फोन लागला नाही तर व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून ठेवा, संध्याकाळी सहाच्या आत उत्तर देते.

आपली,
वर्षा
क्षेत्र माहिती समन्वयक, घाटंजी केंद्र

सोबत: मंजुरीचे तीन मेल, प्लॉटची गावनिहाय यादी (शेतकऱ्यांच्या नावांशिवाय)