संशोधनपद्धती परिचय कार्यशाळा: प्रास्ताविक भाषण

आदरणीय प्राचार्य, सहकारी प्राध्यापक आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

नमस्कार. सत्तरी, डिचोली आणि पेडणे या तालुक्यांतून, काहीजण तर पहाटेची पहिली कदंबा पकडून, तुम्ही इथे आला आहात. पुढचे दोन दिवस आपण संशोधनपद्धतीची तोंडओळख करून घेणार आहोत. नावनोंदणीच्या अर्जात आम्ही एक प्रश्न विचारला होता: घरात तुमच्याआधी कोणी महाविद्यालयात शिकले आहे का? एकूण चव्वेचाळीस जणांपैकी एकोणचाळीस जणांनी ‘नाही’ असे लिहिले. त्यातल्या एकाने पुढे ‘सॉरी’ असेही लिहिले आहे. तो अर्ज कोणाचा, हे मी सांगणार नाही. पण माझ्याही घरी तेच उत्तर होते आणि क्षमा मागावी असे त्यात काही नाही, एवढे मात्र आरंभीच सांगून ठेवते. माझे वडील खाणीवरच्या ट्रकवर क्लीनर होते. मला एम.ए.ला प्रबंधिका लिहायची आहे हे मी त्यांना सांगितले, तेव्हा त्यांनी विचारले, ‘कोणाला लिहायची?’ हा प्रश्न त्यांनी अगदी सरळ मनाने विचारला होता, आणि मला वाटते तो रास्तही होता.

ही कार्यशाळा मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत होणार आहे. काहींना वाटेल, मुलांना इंग्रजी जड जाते म्हणून केलेली ही सोय असावी. तसे कोणी समजू नये. आपल्यातील बहुतेकांच्या घरी कोंकणी बोलली जाते, प्राथमिक शाळा मराठीतून झालेली असते, महाविद्यालयातील पुस्तके आणि परीक्षा इंग्रजीतून असतात. तुमच्या प्रकल्पाचा प्रश्न इंग्रजीत सुचतो, तो विचारायचा असतो कोंकणीत किंवा मराठीत, आणि मिळालेले उत्तर पुन्हा इंग्रजीत मांडायचे असते. या ये-जा करण्यात काय सांडते आणि काय भलतेच मिसळते, याकडे लक्ष ठेवणे हा तुमच्या पद्धतीचा भाग आहे. मला हे उशिरा कळले. कसे कळले, ते सांगते.

एम.ए.च्या प्रबंधिकेसाठी मी आमच्याच गावातील स्त्रियांच्या कामाविषयी सर्वेक्षण केले होते. प्रश्नावली इंग्रजी पुस्तकातून घेतली होती. तिच्यातील ‘ऑक्युपेशन’ या शब्दाचे ‘व्यवसाय’ असे भाषांतर केले आणि घरोघर जाऊन ‘तुमचा व्यवसाय काय?’ असे विचारत फिरले. निम्म्याहून अधिक स्त्रियांचे उत्तर एकच आले: ‘कांय करिना, घरांच आसतां.’ मी प्रामाणिकपणे ‘बेरोजगार’ या रकान्यात खूण केली. त्यातल्या एका मावशींचे अंगण मला अजून आठवते. एप्रिलचा शेवट होता. सुपांवर सोलां वाळत घातलेली होती, पडवीत काजूच्या बियांचे पोते तोंड बांधून ठेवलेले होते, आणि माझ्याशी बोलता बोलता मावशी पिकलेली भिणां फोडून साल आणि बी वेगवेगळी करत होत्या. बोटे लालभडक झाली होती. ती सोलां आणि त्या बिया विकून येणाऱ्या पैशांतून घरातल्या दोन मुलांच्या वह्यापुस्तकांचा खर्च निघत होता. आणि माझ्या तक्त्यात मावशी काहीही करत नव्हत्या.

मावशी खोटे बोलल्या नव्हत्या. आपल्याकडे ‘कामाला जाणे’ म्हणजे दुसऱ्याकडे, पगारावर किंवा मजुरीवर जाणे. अंगणात, कुळागरात, काजूच्या बागायतीत केलेले काम हे काम म्हणून सांगायची रीत नाही. चूक माझ्या प्रश्नाची होती. ‘काल सकाळी उठल्यापासून दिवे लागेपर्यंत काय काय केले?’ आणि ‘या हंगामात घरातले काय काय विकले, पैसे कोणाच्या हातात आले?’ असे मी विचारले असते, तर माझा तक्ता बदलला असता आणि त्यावर उभा केलेला निष्कर्षही बदलला असता. माझ्या मार्गदर्शकांना हे लक्षात आले नाही, परीक्षकांनाही नाही; गुण चांगले पडले. त्या गुणांचा मला आजही थोडा संकोच वाटतो.

म्हणून प्रश्नावली तयार झाली की आपण दोन गोष्टी करायच्या. पहिली, उलट भाषांतर: इंग्रजी प्रश्नाचे तुम्ही केलेले मराठी किंवा कोंकणी रूप, मूळ प्रश्न न पाहिलेल्या मित्राकडे द्यायचे आणि त्याला ते पुन्हा इंग्रजीत न्यायला सांगायचे. दोन इंग्रजी वाक्ये शेजारी ठेवली की फट कुठे पडली ते दिसते. दुसरी, पूर्वचाचणी, म्हणजे ज्याला पायलट स्टडी म्हणतात ती: मुख्य सर्वेक्षणाआधी चार-पाच घरी जाऊन प्रश्न विचारून पाहायचे, आणि समोरची व्यक्ती कुठे अडखळते, कुठे हसते, कुठे नवऱ्याकडे पाहते, हे टिपून घ्यायचे.

परिभाषेविषयीही थोडे बोलले पाहिजे, कारण दोन भाषांत काम करताना ओळखीचे शब्दच अधिक फसवतात. ‘हायपॉथिसिस’ला मराठीत ‘गृहीतक’ म्हणतात. हा शब्द ऐकताच आपल्याला ‘गृहीत धरणे’ आठवते आणि गाडी उलट्या दिशेला लागते. जे गृहीत धरले ते आपण तपासत नाही. गृहीतक मात्र तपासण्यासाठीच मांडलेले असते आणि ते खोटे ठरण्याची वाट मोकळी ठेवावी लागते. गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याने फार खिन्न होऊन मला सांगितले की त्याचे गृहीतक चुकले. मी त्याचे अभिनंदन केले, तर त्याला ती थट्टा वाटली. ‘सॅम्पल’ला ‘नमुना’ म्हणतात. ‘काय नमुना आहे!’ मधला नमुना तो हा नव्हे, इतके पुरे.

‘रँडम’ हा शब्द मात्र जास्त वेळ घेणार आहे. पुस्तकी मराठीत त्याला ‘यादृच्छिक’ म्हणतात. तुमच्या बोलण्यात ‘रँडम’ म्हणजे ‘असेच कोणीतरी’. साखळीच्या बसस्थानकावर तासभर उभे राहून जो भेटेल त्याला विचारले, तर तुम्ही म्हणता रँडम नमुना घेतला. तसे नाही. त्या तासाला बसस्थानकावर असतात महाविद्यालयातील मुले, बाजाराला आलेली माणसे, सरकारी कचेरीत कागद घेऊन निघालेले वृद्ध. स्वतःच्या दुचाकीवरून फिरणारे तिथे नसतात, अंथरुणाला खिळलेले नसतात, शेतात असलेले नसतात. यादृच्छिक नमुन्यात आपण ज्यांच्याविषयी बोलणार आहोत त्या प्रत्येकाला निवडले जाण्याची संधी असावी लागते आणि निवड आपल्या सोयीवर सोपवायची नसते. वाड्यावर एकशेवीस घरे असतील आणि वीस हवी असतील, तर एकशेवीस चिठ्ठ्या करा, डब्यात घालून हलवा आणि वीस काढा. निघालेले घर चढणीच्या टोकाला असले आणि दारात कुत्रा असला, तरी तिथे जायचे. दार बंद असेल तर संध्याकाळी पुन्हा जायचे. ‘शेजारच्यांना विचारून घेतले’ हे मी ऐकून घेणार नाही.

आता विषयाची निवड. तुम्ही पाठवलेल्या विषयांत ‘गोव्याची संस्कृती’ सात वेळा, ‘खाणबंदीचे परिणाम’ पाच वेळा आणि ‘सोशल मीडिया आणि युवक’ नऊ वेळा आले आहे. हे विषय वाईट नाहीत, पण त्यांना कडा नाहीत. माटोळीचेच पाहा. चवथीला गणपतीवर बांधायच्या माटोळीत नारळ, सुपारी, तोरंजन यांच्याबरोबर माट्टीची आणि कांगलांची रानातली फळे लागतात. ‘माटोळी आणि गोव्याची संस्कृती’ असा विषय घेतलात तर तुम्ही निबंध लिहाल. ‘आमच्या वाड्यावरील वीस घरांच्या माटोळीत यंदा कोणते जिन्नस रानातून आणले, कोणते बाजारातून विकत घेतले, आणि घरातील थोरांच्या आठवणीत हे प्रमाण कसे होते’ असा घेतलात, तर तुमच्यासमोर मोजण्यासारखे काही आले, विचारण्यासारखे काही आले आणि शंका घेण्यासारखेही आले. थोरांची आठवण कितपत धरायची? रान कमी झाले म्हणून फळे मिळत नाहीत, की रानात जाणारे कमी झाले म्हणून? याचे उत्तर तुम्हाला आधीच ठाऊक आहे असे वाटत असेल, तर तिथेच सावध व्हा. ‘हल्ली रान कमी झाल्यामुळे फळे मिळत नाहीत ना?’ असे विचारलेत, तर समोरची आजी तुमचे मन मोडणार नाही. ती ‘होय’ म्हणेल.

मोजमाप म्हणजे केवळ विज्ञान शाखेचे काम, असे कला शाखेतील कोणी मानत असेल, तर गोव्याचाच एक दाखला देते. दामोदर धर्मानंद कोसंबी १९०७ साली गोव्यात जन्मले. ते गणिताचे प्राध्यापक होते. प्राचीन आहत नाण्यांचा अभ्यास करताना त्यांनी साधा विचार केला: नाणे हातोहाती फिरले की झिजते आणि त्याचे वजन घटते. ते खरे आहे का हे पाहण्यासाठी त्यांनी चलनात असलेली, पाडल्याचे साल माहीत असलेली आधुनिक नाणी तोलली, आणि मग ती रीत जुन्या साठ्यांतील नाण्यांना लावली. प्रश्न इतिहासाचा, साधन तराजू, हिशेब संख्याशास्त्राचा. त्यांचे वडील धर्मानंद सांकवाळचे. शाळेचे शिक्षण फारसे झालेले नसताना ते घर सोडून निघाले, श्रीलंकेत जाऊन पाली शिकले आणि पुढे पाली ग्रंथाच्या संपादनासाठी हार्वर्ड विद्यापीठात गेले. थोरामोठ्यांची नावे घेऊन तुम्हाला दिपवण्याचा माझा विचार नाही. मला त्या तोललेल्या नाण्यांतच रस आहे.

आधी कोणी काय लिहिले, हे शोधायला पणजीच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात जा. १८३२ साली सुरू झालेले हे ग्रंथालय तुमचेही आहे; दारातल्या पहारेकऱ्याला घाबरून परतू नका, मी एकदा परतले होते. ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर देशभरातील विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध विनामूल्य वाचता येतात. ते कसे वाचायचे आणि दुसऱ्याचे वाक्य घेताना त्याचे नाव कसे द्यायचे, हे उद्या ग्रंथपाल दाखवतील.

एक गोष्ट मात्र उद्यावर टाकत नाही. लहान गावात नाव लपवल्याने माणूस लपत नाही. ‘देवळामागच्या वाड्यावर गिरण चालवणारी विधवा’ असे लिहिलेत की साऱ्या गावाला ती कळली. संमती घेताना आपण कोण, हे कशासाठी विचारतो, कोण वाचणार आहे, आणि नको वाटल्यास मध्येच थांबता येईल, हे तिच्याच भाषेत सांगा. ती ‘तू आमच्यातलीच, तुला कसली संमती’ असे म्हणेल, तरी सांगा. आपल्यातल्याच माणसाला नाही म्हणणे तिला अधिक कठीण जाते.

आता तुमच्या हातात दोन कागद आहेत. पांढऱ्यावर इंग्रजीतील सहा प्रश्न छापले आहेत, पिवळा कोरा आहे. चौघाचौघांचे गट करा. गटात एका गावचे दोघे नकोत. पांढऱ्या कागदावरील प्रश्न तुमच्या घरातल्या सर्वांत वयस्क व्यक्तीला जसे विचाराल तसे पिवळ्या कागदावर लिहा, आणि मग फक्त पिवळा कागद उजवीकडच्या गटाला द्या. चहा साडेदहाला येईल, तोवर पंचवीस मिनिटे आहेत.