रील्सची अवेअरनेस जाहिरात थांबवून उरलेलं बजेट गूगल सर्चवर हलवण्याबद्दल

कुडाळ, ३ नोव्हेंबर २०२५

विजूदादा आणि वहिनी,

नमस्कार. फोनवर अर्धंच बोलणं झालं, त्या दिवशी देवबागात रेंजही जात-येत होती, म्हणून सगळं लिहूनच पाठवतोय. जरा लांबलंय, पण पैसे तुमचे आहेत आणि निर्णय तुम्हाला घ्यायचाय, त्यामुळे आकडे समोर असलेले बरे.

सरळ सांगतो. १५ सप्टेंबरपासून फेसबुक-इन्स्टावर तुमच्या होमस्टेची जी अवेअरनेस कॅम्पेन चालू आहे ती मला या आठवड्यातच पॉज करायचीय, आणि एक लाखापैकी जे ५१,००० उरलेत त्यातला मोठा भाग गूगल सर्चवर लावायचाय. तुमचा होकार आल्याशिवाय काहीच हलवणार नाही.

आता का ते. कालपर्यंत ४९ दिवस झाले, रोजचे हजार धरून ४९,००० गेले. रील्स ४ लाख १० हजार लोकांपर्यंत पोचल्या, प्रत्येकाला सरासरी साडेतीन वेळा दिसल्या. ऐकायला हे छान वाटतं आणि पहिल्या महिन्याच्या रिपोर्टमध्ये मीच हे आकडे वर ठेवले होते. पण लिंकवर क्लिक झाले २,०९०, व्हॉट्सअ‍ॅपवर विचारणा आल्या ३१, आणि त्यातून बुकिंग ४, त्यातलंही एक तुमच्या जुन्याच पाहुण्यांच्या नात्यातलं. म्हणजे एका विचारणेला जवळजवळ १,५८० रुपये आणि एका बुकिंगला १२,००० च्या वर. दोन रात्रींच्या मुक्कामाचे तुमच्याकडे ५,६०० होतात, जेवण वेगळं. हा हिशोब कुठल्याच बाजूने बसत नाही. वहिनींनी मागच्या महिन्यात विचारलं होतं ना, "लाईक इले, पण माणसा खंय इली?", तो प्रश्न अगदी बरोबर होता आणि तेव्हाच मी थांबून नीट बघायला हवं होतं.

तुम्ही म्हणाल अवेअरनेस म्हणजे नाव लोकांच्या डोक्यात बसवणं, त्याचं बुकिंग लगेच कसं येईल. खरं आहे, आणि म्हणूनच मी फक्त क्लिक बघून हे पत्र लिहीत नाहीये. नाव डोक्यात बसलं असतं तर माणसं कधीतरी ते नाव गूगलवर टाकतात, नाहीतर थेट वेबसाइटवर येतात. ते तपासलं. होमस्टेचं नाव सर्च करून आलेले क्लिक ऑगस्टमध्ये ९६ होते, ऑक्टोबरमध्ये १०९, आणि गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये काहीच जाहिरात नसताना १०४. म्हणजे जी वाढ दिसतेय ती सीझनची आहे, आपल्या जाहिरातीची नाही. दुसरं म्हणजे आपण जाहिरात फक्त मुंबई, ठाणे आणि पुण्यात दाखवली, कोल्हापूर मुद्दाम बाहेर ठेवलं होतं. तर वेबसाइटवर थेट येणारे मुंबई-ठाणे-पुण्यातून ऑगस्टचे ११८ चे ऑक्टोबरमध्ये १३१ झाले आणि कोल्हापूरचे ४० चे ४६. जिथे एक रुपयाही खर्च केला नाही तिथेही तेवढीच, किंबहुना थोडी जास्तच वाढ. आकडे छोटे आहेत हे मान्य, पण ४९,००० खर्चून काहीतरी फरक दिसायला हवा होता, तो दिसत नाही.

यात आमची चूक काय ते पण लिहितो. रील्स सुंदर झाल्या, ड्रोनने घेतलेला कर्ली नदीचा संगम, सिंधुदुर्ग किल्ला, संध्याकाळची वाळू, सगळं आहे, फक्त तुमचं घर आहे ते शेवटच्या सात सेकंदात आणि नाव तर २२ व्या सेकंदाला. बघणाऱ्यातले बहुतेक त्याच्या कितीतरी आधी वर सरकवून जातात. त्यांनी मालवण पाहिलं, तुम्हाला नाही. कमेंटमध्ये सगळ्यात जास्त आलेला प्रश्न "हे कुठे आहे?" हाच होता, त्यावरून तरी आम्हाला कळायला हवं होतं. थोडक्यात तुमच्या पैशाने आपण अख्ख्या तारकर्ली-देवबागची जाहिरात केली. शिवाय कॅम्पेनचं उद्दिष्ट रीच ठेवलं की सिस्टम स्वस्तात जास्तीत जास्त डोळे शोधते, बुकिंग करणारी माणसं शोधत नाही, जे मागितलं तेच तिने दिलं. व्हिडिओ परत एडिट करायचं काम आम्ही करतोय, त्याचे पैसे लावणार नाही, पण नवा व्हिडिओ लगेच चालवा असंही म्हणणार नाही.

आता सर्चचं. ६ ऑक्टोबरपासून तुमच्या परवानगीने रोज २०० रुपयांची जी छोटी टेस्ट लावली होती, ५,६०० ची, त्यात २८ दिवसांत २२४ क्लिक आले, २२ विचारणा (फॉर्म, व्हॉट्सअ‍ॅप आणि कॉल मिळून) आणि ५ बुकिंग. विचारणेला २५५ रुपये, बुकिंगला १,१२०. कारण साधं आहे, जो माणूस रात्री दहा वाजता `tarkarli homestay with food` असं टाइप करतो त्याचं यायचं ठरलेलं असतं, त्याला फक्त खोली हवी असते. रील बघणारा बसमध्ये बसून वेळ घालवत असतो. दोघांना एकाच तराजूत तोलणं बरोबर नाही, हेही सांगतो, कारण सर्च नवी मागणी तयार करत नाही, आधीच असलेली पकडते. पण तुमच्या सहा खोल्या आहेत दादा, साठ नाहीत. सहा खोल्या भरायला जी मागणी रोज गूगलवर फिरतेय तीच पुष्कळ आहे, आणि आज ती बुकिंग साइट्स उचलतात आणि वर तुमच्याकडून कमिशन घेतात.

जागाही शिल्लक आहे. आपले शब्द जेवढ्या वेळा सर्च झाले त्यातल्या साधारण ३१ टक्के वेळाच आपली जाहिरात दिसली, आणि निम्म्याहून जास्त वेळा फक्त त्या दिवसाचं बजेट संपलं म्हणून दिसली नाही. दुपारी तीन-चारपर्यंत २०० संपायचे आणि लोक खरं बघतात संध्याकाळी जेवणं झाल्यावर.

एक गोष्ट मात्र तुमच्यापेक्षा वेगळी मांडतो. तुम्ही फोनवर म्हणालात सगळा जोर नाताळवर लावू. मला ते पटत नाही. २५ डिसेंबरच्या गाडीचं रिझर्व्हेशन साठ दिवस आधी म्हणजे २६ ऑक्टोबरच्या आसपास उघडलं, ज्यांची तिकिटं झाली ते आता खोल्या बघतायत हे खरं, पण तुमच्या सहापैकी चार खोल्या २५ ते ३१ साठी जुन्या पाहुण्यांनी फोनवरच धरल्यात आणि उरलेल्या दोन जाहिरात न करताही जातील. त्याच दिवसांत सगळे मोठे रिसॉर्ट त्याच शब्दांवर बोली लावणार, क्लिक महागणार. आपली खरी रिकामी जागा आहे २० नोव्हेंबर ते २० डिसेंबर, तेही रविवार रात्र ते गुरुवार. तेव्हा हवा छान असते, समुद्र शांत, बोटी चालू, आणि खोल्या मात्र ओस. रिटायर झालेली जोडपी, लहान मुलं असलेली घरं, लॅपटॉप घेऊन चार दिवस राहणारे, यांना आठवड्याच्या मधल्या दिवसांचा वेगळा रेट दाखवला तर येतील असं वाटतं. तो रेट तुम्ही ठरवा, मला २,२०० ते २,४०० च्या मधला योग्य वाटतो.

पैशांचं असं. ६ नोव्हेंबरपासून पहिले पंधरा दिवस रोज ५००, म्हणजे ७,५००. सगळं बरं चाललं तर पुढचे पस्तीस दिवस रोज ८००, म्हणजे २८,०००. सर्चचे मिळून ३५,५००. त्याशिवाय ६,००० जे लोक आधी वेबसाइटवर येऊन गेले किंवा रील शेवटपर्यंत पाहिली त्यांनाच परत दाखवायला, कारण ४९,००० मधून आपल्याकडे जे काही उरलंय ते हेच लोक आहेत, ते वाया नको जायला. बाकी ९,५०० हात लावायचा नाही, येत्या वर्षी २६ जानेवारी सोमवारी येतेय, शनिवारपासून तीन दिवसांची सुट्टी, तेव्हासाठी ठेवू. हे सगळे आकडे जीएसटी सोडून, १८ टक्के वर आधीसारखाच. आमची फी बदलत नाही.

सर्चमध्ये काय करणार तेही थोडं सांगतो म्हणजे नंतर शंका नको. जाहिरात फक्त मुंबई, ठाणे, पुणे, कोल्हापूर, सांगली आणि बेळगाव इथे प्रत्यक्ष असलेल्या लोकांना, मालवणात "इंटरेस्ट" असलेल्या जगभरच्यांना नाही, ही सेटिंग नुसती तशीच सोडली तर पैसे कुठेही जातात. डिस्प्ले नेटवर्क, म्हणजे दुसऱ्यांच्या वेबसाइट-अ‍ॅपवर दिसणाऱ्या जाहिराती, बंद. शब्द मोजके, `devbag homestay`, `malvan homestay near beach`, "मालवण होमस्टे जेवणासहित" असे. आणि नको असलेले शब्द आधीच अडवायचे, कारण टेस्टमध्ये १९ क्लिक नोकरी शोधणाऱ्यांचे आणि स्कूबाचा रेट विचारणाऱ्यांचे होते. जाहिरात संध्याकाळी सात ते अकरा जास्त जोरात.

टेस्टमध्ये विचारणेला २५५ पडले म्हणून पुढेही तेवढेच पडतील असं मी म्हणत नाही, २२ हा फार लहान आकडा आहे आणि बजेट वाढवलं की भाव चढतो. ३०० ते ४०० धरून चाला, म्हणजे साधारण ९० ते ११५ विचारणा, आणि त्यातून १५ बुकिंग आली तरी मी समाधानी असेन. २० नोव्हेंबरला बसून बघू, एका विचारणेचा खर्च ४५० च्या वर गेला असेल तर ८०० वर जायचं नाही, ५०० वरच थांबायचं आणि कुठे गळतंय ते शोधायचं. रील्सची कॅम्पेन डिलीट करत नाहीये, पॉजच, सगळा डेटा आणि प्रेक्षक राहतील. पावसानंतरच्या सीझनसाठी नवा व्हिडिओ, ज्यात पहिल्या तीन सेकंदात अंगण, वहिनी आणि ताटातली सुरमईची तुकडी दिसेल, तो चालवायचा की नाही ते मे महिन्यात ठरवू.

तुमच्याकडून तीन गोष्टी लागतील. एक, फोन. टेस्टमधले सात कॉल मिस झाले, बहुतेक जेवणाच्या वेळेचे, वहिनी चुलीपाशी आणि तुम्ही होडीवर. सर्चवाला माणूस परत फोन करत नाही, तो खालच्या नंबरला लावतो. तुमच्या पुतण्याकडे संध्याकाळी फोन देता आला तर बघा, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर आपोआप जाणारा मेसेज मी सेट करून देतो. दोन, मधल्या दिवसांचा रेट. तीन, खोल्यांचे नवे फोटो, बाथरूमचे सुद्धा, लोक तेच आधी बघतात.

बुधवारी रात्रीपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर "चालू करा" एवढं आलं तरी गुरुवारी सकाळी लाईव्ह करतो. तोवर रील्सवर रोज हजार जातायत, म्हणून उद्याच कळवलंत तर आणखी बरं. काही पटलं नाही तर शुक्रवारी मालवणात येणारच आहे, दुपारनंतर घरी येतो, लॅपटॉप घेऊन सगळे आकडे तुमच्यासमोर उघडतो.

आपला,
निलेश

ता. क. टेस्टमधून आलेल्या पाच पाहुण्यांपैकी सांगलीच्या कुटुंबाने पुढच्या महिन्यात परत यायचं विचारलंय. त्यांचा मेसेज तुम्हाला फॉरवर्ड केलाय, उत्तर द्यायचं राहू देऊ नका.