तरणा पाऊस सेल: छत्र्या आणि रेनकोट, शुक्रवार 10 ते रविवार 12 जुलै

सातारकर, तरणा सुरू झालाय आणि म्हातारा अजून यायचाय. पावसाळा बराच शिल्लक आहे, आमच्याकडचा माल मात्र निम्म्यावर आलाय. शाळा उघडल्या त्या आठवड्यात जी झुंबड उडाली, त्यात साइझचे संच मोडले. राहिलेला माल चांगला आहे, पण प्रत्येकाला हवं ते मिळेलच असं नाही. म्हणून आधी सगळं मोजलं आणि मग सेल लावला. खालचे आकडे गुरुवारी रात्री शटर ओढल्यानंतरचे आहेत.

आधी छत्र्या.

तीन घडीची, आठ काड्यांची, हाताने उघडायची: 240 ते 380 रुपये. पर्समध्ये मावते. साठाच्या वर नग आहेत, हिच्यासाठी धावत यायची गरज नाही. रंग काळा, नेव्ही आणि मरून एवढेच. फुलाफुलांच्या गेल्या. फोटोत मागे पिवळी फुलांची लटकलेली दिसतेय ती शेवटची. काचेजवळ उन्हात राहिल्याने तिच्या एका पाकळीवर फिकट रेघ आलीय. पाणी टाकून बघितलंय, गळत नाही. 150 ला देऊ.

बटण छत्री: 420 ते 750. कमी किमतीतली बटणाने फक्त उघडते, मिटायची हाताने. 600 च्या पुढची उघडतेही आणि मिटतेही. दोन्ही मिळून 19 नग. उघड-मिट छत्री मिटल्यावर तिचा दांडा जोर लावून आत दाबावा लागतो, स्प्रिंग कडक असते. लहान मुलांना ती देऊ नका, आणि घरात कुणाचं मनगट दुखत असेल तर त्यांनाही नको. साधी घ्या, पैसेही वाचतील.

लांब दांड्याची: 350 ते 680, 26 नग. 500 च्या पुढच्यांना फायबरच्या काड्या आहेत. वाऱ्याने छत्री उलटी झाली तर फायबर वाकून परत जागेवर येतं, लोखंडी काडी एकदा वाकली की वाकलीच. पण यवतेश्वरचा घाट चढून कासकडे निघाला असाल तर छत्रीच्या भानगडीत पडू नका. तिथल्या वाऱ्यापुढे आमची सर्वात महाग छत्रीही टिकणार नाही. आणि आजोबांसाठी काठी म्हणून नेत असाल तर थांबा: हिचं टोक टेकून चालायला बनवलेलं नसतं, ओल्या फरशीवर घसरतं.

मुलांच्या: 160 ते 270. शिट्टीवाल्या संपल्या, कृपया मुलांना शिट्टी कबूल करून आणू नका, दुकानात रडारड होते. पारदर्शक घुमटाच्या 11 आहेत.

आता रेनकोट. इथे जरा सावकाश वाचा, कारण दोन रेनकोट हँगरवर अगदी सारखे दिसतात आणि किमतीत हजाराचा फरक असतो.

पीव्हीसीचा पँट-शर्ट सेट 380 ते 550. बाहेरचं पाणी आत येत नाही, आतला घाम बाहेर जात नाही. शेतात भातलावणीला बरेच जण हाच नेतात, फाटला तरी जीव जळत नाही. घडी करून दाबून ठेवला की घडीवर तडकतो, त्यामुळे खुंटीला टांगा. एक पावसाळा चालेल, दुसऱ्याची खात्री आम्ही देत नाही. M, L, XL भरपूर.

नायलॉनचा एकेरी 700 ते 980. हलका, डिकीत मावतो, रिमझिमीला झकास. पण मुसळधार पावसात गाडीवर अर्धा-पाऊण तास काढलात तर खांद्याच्या आणि बैठकीच्या शिवणीतून पाणी झिरपणार. कारण कापडावर कोटिंग आहे, शिवणीवर टेप नाही आणि सुईची भोकं उघडीच आहेत. कंपनीच्या लेबलवर वॉटरप्रूफ छापलंय; आम्ही दुकानातल्या पाटीवर ‘रिमझिमीसाठी’ असंच लिहिलंय. M 12, L 17, XL 6.

दुहेरी कापडाचा, शिवणीवर आतून टेप मारलेला 1,250 ते 1,850. पाठीवर चकाकणारी पट्टी, चेनवर झाकण-पट्टी. एमआयडीसीत रात्रपाळीला गाडीवर जाणाऱ्यांनी, किंवा मेढा-महाबळेश्वरकडे रोज ये-जा असणाऱ्यांनी हाच बघावा. M 14, L 9, XL 3. XXL एकही नाही. पुरवठादार ‘गुरुवारी पाठवतो’ म्हणतोय, पण तो गुरुवार कुठला हे माल आल्यावरच कळेल. तोवर आगाऊ पैसे घेणार नाही. बॅग आत घालायची असेल तर नेहमीपेक्षा एक साइझ मोठा लागतो, त्या हिशेबाने या.

लेडीज लाँग कोट 650 ते 1,100, 15 नग, त्यातले 10 गुलाबी. आवडत असेल तर निवडायला वाव आहे, नसेल तर फेरी वाया जाईल.

मुलांचे रेनकोट 320 ते 560, मागे दप्तराला जागा असलेले. फक्त 5-6 वर्षांचा आणि 11-12 वर्षांचा साइझ उरलाय, मधले सगळे गेले. सात वर्षांच्या मुलाला बाराचा ‘पुढच्या वर्षीही होईल’ म्हणून घेऊ नका. पायात येतो, जिन्यावर पोर पडतं.

निळी चिठ्ठी लावलेले 17 रेनकोट गेल्या वर्षीचे आहेत. जुन्या मालाचं कोटिंग आतून पापुद्रे सोडायला लागतं, म्हणून प्रत्येक नग उलटा करून तपासला. जे सुटत होते ते बाजूला काढले, ते विकायला नाहीत. उरलेल्यांवर आणखी 20 टक्के कमी. तरी नवे म्हणून नेऊ नका, बिलावरही ‘जुना स्टॉक’ असं लिहून देऊ.

सूट किती, असं विचारणारच, तर छत्र्यांवर 10 टक्के, मोठ्यांच्या रेनकोटवर 15. वर लिहिलेल्या किमती सूट वजा करूनच आहेत, काउंटरवर आणखी कमी होणार नाहीत. मुलांच्या मालावर सूट नाही, त्यात आम्हालाच फार सुटत नाही. बॅगचं कव्हर (110 ते 180) आणि प्रवासात लागणारा पातळ रेनकोट (50) हेही सेलच्या बाहेर.

बदली: रेनकोटचा साइझ सात दिवसांत बदलून मिळेल, फक्त पावसात घातलेला नसावा आणि बिल हवं. पैसे परत नाहीत. छत्री इथेच दोनदा उघडून, मिटून बघून न्या. आमच्याकडून घेतलेल्या छत्रीची काडी या पावसाळ्यात निघाली तर फुकट बसवून देऊ. कापड फाटलं, बसमध्ये राहिली, शेजाऱ्याने नेली, यात आमचा हात नाही. जुनी छत्री दुरुस्तीला, कुठूनही घेतलेली असो, 30 ते 60 रुपये. पण सेलच्या तीन दिवसांत दुरुस्ती बंद, सोमवारपासून आणा.

दुकान राजपथावर, सकाळी 10 ते रात्री साडेआठ, रविवारीही उघडं. रोख, यूपीआय दोन्ही चालेल. शनिवारी संध्याकाळी गर्दी असते आणि घालून बघायला आरसा एकच आहे, सकाळी आलात तर बरं. बाहेरगावहून येणाऱ्यांनी साइझ लिहून मेसेज करा, नग असेल तर नाव लावून त्या दिवशी सहापर्यंत बाजूला ठेवू, सहानंतर तो पुन्हा हँगरवर.

शनिवारी दुपारी पुन्हा मोजणी करून हेच आकडे बदलू. जे संपेल त्याच्यापुढे ‘संपलं’ असं लिहिलेलं दिसेल.