पगाराची एक तारीख

तीस तारखेला दुपारी चाकणच्या कंपनीतून उत्तर आलं, "मॅडम, तुमचं बिल पुढच्या पेमेंट रनमध्ये." नऊ लाखांचं बिल. लघुउद्योगाचे पैसे 45 दिवसांत द्यावेत असं कायदा म्हणतो. आज 71वा दिवस होता. त्या बिलावरचा 1,62,000 जीएसटी मात्र मृण्मयीनं कधीच भरून टाकला होता. सरकारला पैसे आले की नाही याच्याशी देणंघेणं नसतं.

खात्यात 4,15,000. त्यातले 45,000 भाड्याचे. अकरा जणांचे पगार 5,80,000.

"सात तारखेपर्यंत मुभा आहे," हिशेब बघणारे देशपांडेकाका म्हणाले. "कुणाला काही बोलू नकोस. विचारलंच तर बँकेचा प्रॉब्लेम म्हण."

"आणि सातलाही नाही आले तर?"

काकांनी चष्मा पुसला.

बाबांना फोन करावा, असं तिला दोनदा वाटलं. बँकेकडून ओव्हरड्राफ्ट घेताना त्यांनी फ्लॅट तारण ठेवला होता. ती मर्यादा जूनमध्येच संपली होती. आता त्यांच्याकडे काय मागणार, एफडी?

पहिल्या नोकरीत पगार थकल्याचं तिला कॅंटीनवाल्याकडून कळलं होतं. त्याच संध्याकाळी निम्म्या लोकांनी बायोडेटा पाठवायला सुरुवात केली होती, त्यात तीही होती.

पाच वाजता तिनं सगळ्यांना आत बोलावलं. आधी खात्यातला आकडा सांगितला, मगच बाकीचं.

"उद्या सगळ्यांना पूर्ण पगार देता येणार नाही. तीस हजारांच्या आत ज्यांचा पगार आहे, त्या सहा जणांचा पूर्ण होईल. बाकी पाच जणांना उद्या निम्मा. मी घेणार नाही. उरलेला निम्मा चाकणचे पैसे आले की त्याच दिवशी."

"कधी येणार?" सायलीनं विचारलं.

"दहा तारीख सांगतायत. माझा त्यांच्यावर विश्वास नाही, म्हणून तुम्हाला ती तारीख देत नाही. दर शुक्रवारी काय झालं ते सांगेन."

"म्हणजे पुढच्या महिन्याचंही खरं नाही," कोणीतरी मागून म्हणालं.

"दोन ऑर्डरी हातात आहेत. आगाऊ रक्कम पंधरापर्यंत आली नाही तर पुढच्या पगाराचं मी सोळालाच सांगेन. कुणाला दुसरीकडे बघायचं असेल तर अनुभवपत्र अडवणार नाही."

इम्रान उभा राहिला. "माझा पगार ऐंशी, निम्मे चाळीस. पाच तारखेला 38,000 हप्ता कटतो. घर दोन हजारांत चालवू?"

यादी करताना तिनं पगाराचे आकडे पाहिले होते, हप्त्यांचे नाही.

"वीस हजार जास्त चालतील?"

"तीस लागतील."

ती काकांकडे वळली. "भाडं थांबवू या. मालकांशी मी बोलते."

"मागच्या महिन्यातही तेच केलं होतं," काका म्हणाले.

"तर आज त्यांनाही खरं सांगावं लागेल," म्हणत तिनं फोन उचलला. "आणखी कुणाचा हप्ता आहे? आत्ताच बोला."

दोन हात वर झाले.