खात्याशी जोडलेला मोबाइल क्रमांक बदलण्याबाबत

दिनांक : १८ जून २०२५

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
बँक ऑफ महाराष्ट्र,
शाखा वाई, जि. सातारा

विषय : बचत खात्याशी जोडलेला जुना मोबाइल क्रमांक काढून नवीन क्रमांक नोंदवणे.

महोदय,

मी जिल्हा परिषदेची निवृत्त प्राथमिक शिक्षिका असून माझे निवृत्तिवेतन आपल्या शाखेतील बचत खात्यात जमा होते. खात्याचे शेवटचे चार अंक २८३६ आहेत. याच ग्राहक क्रमांकावर माझ्या दोन मुदत ठेवीही आहेत. खाते क्रमांक आणि मोबाइल क्रमांक पूर्ण स्वरूपात सोबतच्या अर्जात लिहिले आहेत. हे पत्र दोन-तीन टेबलांवरून जाईल, म्हणून इथे फक्त शेवटचे अंक देत आहे.

खात्याला सध्या ४४७१ ने संपणारा क्रमांक जोडलेला आहे. तो माझा नाही, माझ्या मुलाचा होता. २०१६ साली नोटबंदीच्या गर्दीत रांगेत उभी असताना माझ्याकडे स्वतःचा मोबाइल नव्हता, तेव्हा मीच त्याचा नंबर लिहून दिला होता. ऑगस्ट २०२३ मध्ये मुलगा नोकरीसाठी जर्मनीला गेला आणि त्या सिमकार्डाचे रिचार्ज राहून गेले. प्रीपेड नंबर तीन महिने वापरात नसला की कंपनी तो बंद करू शकते आणि पुढे दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते, हे तेव्हा आम्हा दोघांच्याही ध्यानात आले नाही. मी पैसे एटीएममधून किंवा स्लिप भरून काढते आणि दर महिन्याला पासबुक छापून घेते, त्यामुळे मेसेज येत नाहीत याचे काही वाटले नाही.

गेल्या आठवड्यात भाचा मोबाइलवर यूपीआय सुरू करून देत होता, तेव्हा माझा नंबर खात्याशी जुळेना. म्हणून जुन्या नंबरवर फोन लावून पाहिला. लातूरकडच्या एका दुकानदाराने उचलला. "मावशी, तुमची पेन्शन किती येते ते मला पाठ झालंय," असे तो हसत म्हणाला. माणूस सज्जन निघाला आणि बँकेत सांगून नंबर बदलून घ्या, असेही त्यानेच सुचवले. पण दीड वर्ष माझी शिल्लक एक अनोळखी माणूस वाचत होता. उद्या हा नंबर तिसऱ्याच कोणाच्या हाती गेला तर ओटीपीही त्याच्याकडेच जाणार.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, बँकेचा किंवा ग्राहकाचा दोष नसलेल्या फसवणुकीत बँकेकडून सूचना मिळाल्यावर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर ग्राहकावर नुकसानीचा भार पडत नाही. माझ्या बाबतीत सूचनाच परक्याच्या फोनवर जाते, मग मी कळवणार कधी? म्हणून हे काम लवकर व्हावे, ही विनंती.

आता माझ्याकडे माझ्याच नावावर घेतलेला, ९०५८ ने संपणारा नंबर आहे. आधारलाही तोच जोडून घेतला आहे. कृपया जुना क्रमांक केवळ बचत खात्यातूनच नव्हे, तर मुदत ठेवी, एटीएम कार्ड आणि मोबाइल बँकिंग या सगळ्यांतून काढून तिथे हा क्रमांक नोंदवावा. एका ठिकाणी बदलला आणि दुसरीकडे जुनाच राहिला, तर या खटपटीचा उपयोग नाही. बदलाची खातरजमा करण्यासाठी जुन्या नंबरवर ओटीपी पाठवू नये. त्याऐवजी मी स्वतः मूळ कागदपत्रे घेऊन समोर येते. सही जुळवून पाहावी आणि लागल्यास फोटोही घ्यावा. गुडघ्यांमुळे वरचेवर येणे जमत नाही, तरी एक फेरी नक्की मारीन.

नवीन क्रमांक चालू होईपर्यंत माझ्या खात्यावरचे ऑनलाइन व्यवहार बंद ठेवावेत. एटीएम कार्ड मात्र चालू राहू द्यावे, औषधांचे पैसे मी त्यातूनच काढते.

हा अर्ज मिळाल्याची पोच शिक्का आणि तारखेसह सोबतच्या दुसऱ्या प्रतीवर द्यावी, आणि बदल झाल्यावर नवीन क्रमांकावर मेसेज यावा. आठ दिवसांत मेसेज आला नाही तर मी पोच घेऊन पुन्हा भेटेन.

आपली विश्वासू,

(सही)
श्रीमती शालिनी विठ्ठल जाधव
गंगापुरी, वाई, जि. सातारा ४१२८०३

सोबत : मोबाइल क्रमांक बदलण्याचा भरलेला अर्ज, आधार कार्ड, पॅन कार्ड व पासबुकाच्या पहिल्या पानाच्या स्वतः सही केलेल्या छायाप्रती, पोच देण्यासाठी या पत्राची दुसरी प्रत.