टिक्ससाठी हॅबिट रिव्हर्सल ट्रेनिंग: नीलच्या आईबाबांसाठी माहिती आणि थेरपिस्टसाठी सत्राची टिपणं

आईबाबांसाठी

नील १० वर्षांचा आहे. मान उजवीकडे झटकणं, घसा खाकरणं आणि डोळे जोरात मिचकावणं या त्याच्या तीन टिक्स. घरात दिवसभर त्याच्या कानावर पडणारं वाक्य मात्र एकच: ‘अरे, नको ना करूस.’ उपचाराची सुरुवात हे वाक्य बंद करण्यापासून आहे.

टिक मुद्दाम केलेली नसते. ती थोडा वेळ रोखता येते, म्हणून ती ‘नाटकं’ वाटते, एवढंच. शिंकही थोडा वेळ रोखता येते. टिक येण्याआधी त्या जागी ताण, खाज किंवा काहीतरी अडकल्यासारखं जाणवतं. साधारण ८ ते १० वर्षांपासून मुलं हे शब्दांत सांगू लागतात. या जाणिवेला आपण ‘चाहूल’ म्हणू. टिक केली की चाहूल क्षणभर शमते आणि त्या क्षणभराच्या सुटकेमुळेच मेंदू पुढच्या वेळी तीच वाट धरतो.

हॅबिट रिव्हर्सल ट्रेनिंग ही साखळी तोडतं. चाहूल लागली की नील अशी एक हालचाल करतो, जी चालू असताना टिक होऊच शकत नाही. चाहूल वाढते, शिखराला जाते आणि टिक न करताही ओसरते. हा अनुभव शेकडो वेळा आला की तिचा जोर कमी होतो. निव्वळ ‘दाबून धरण्या’त आणि यात फरक हाच: दाबताना हातात काही नसतं, इथे करण्यासारखं काहीतरी असतं.

ही पद्धत अझ्रिन आणि नन यांनी १९७३ मध्ये मांडली. तिच्यावर आधारलेल्या विस्तृत उपचाराची चाचणी २०१० मध्ये ९ ते १७ वयाच्या १२६ मुलांवर झाली. उपचार घेतलेल्यांपैकी सुमारे ५३ टक्के मुलांत स्पष्ट सुधारणा दिसली. आधार आणि माहिती देणारी सत्रं मिळालेल्या गटात हे प्रमाण सुमारे १९ टक्के होतं. म्हणजे उपयोग खरा, पण सगळ्यांना सारखा नाही आणि टिक्स मुळापासून नाहीशा होतील असं वचनही नाही.

‘रोखलेल्या टिक्स नंतर दुपटीने उसळतील’ ही भीती जवळजवळ प्रत्येक पालक बोलून दाखवतात. मुलांना टिक्स रोखायला सांगून नंतर मोजणी केली, तेव्हा मूळ पातळीच्या वर अशी उसळी आढळली नाही.

घरी तुम्ही इतकं करा. रोज दोनदा १०-१५ मिनिटं सराव, शक्यतो टिक्स जास्त येतात त्या वेळी. नीलच्या बाबतीत ती गृहपाठाची वेळ आहे. हालचाल नीट केलेली दिसली की लगेच सांगा: ‘हनुवटी छान धरलीस.’ टिक झाली आणि हालचाल राहिली, तर हळूच एकदाच आठवण: ‘सराव.’ हा शब्द नीलनेच निवडला आहे, तो बदलू नका. सरावाच्या वेळेबाहेर टिककडे बघणंही टाळा. बक्षीस द्यायचं ते सरावाला, ‘आज एकही टिक नाही’ याला नाही. तसं केलंत तर मूल टिक्स लपवायला शिकेल.

टिक्स वाढल्या म्हणून गृहपाठ माफ होत असेल तर तेही थांबवा. पाच मिनिटं विश्रांती, मग पुन्हा वहीसमोर.

मान झटकण्याबरोबर हातापायांत मुंग्या, बधिरपणा किंवा अशक्तपणा आला, तर सत्राची वाट न बघता लगेच डॉक्टरांना दाखवा.

थेरपिस्टसाठी: दुसरं सत्र, ९० मिनिटं

एकूण ८ सत्रं, १० आठवडे. पहिली दोन ९० मिनिटांची, बाकीची तासाची. शेवटची दोन पंधरा दिवसांच्या अंतराने.

सुरुवातीची १० मिनिटं नोंदवहीसाठी. आईची नोंद: ‘मंगळवार, ६.१० ते ६.२५, मान १४ वेळा.’ मग टिक्सची उतरंड. नीलने मान झटकण्याला १० पैकी ८ त्रास दिला आहे, खाकरण्याला ५, मिचकावण्याला ३. मानेपासूनच सुरू करा. नील स्वतः वैतागला आहे ती टिक हीच.

पुढची २५ मिनिटं जाणीव वाढवण्यासाठी. आधी टिकचं बारीक वर्णन, आरशाशिवाय. नीलला घाई असते, ‘मान हलते’ म्हणून तो मोकळा होतो. तिथे सोडू नका.

‘मान हलायच्या आधी सगळ्यात पहिलं काय होतं?’
‘काही नाही, ताई.’
‘खांदा?’
‘… हां, उजवा खांदा वर येतो. आणि इथे, कानाखाली, ओढल्यासारखं होतं.’

हे सापडलं की निम्मं काम झालं. आता तुम्ही टिकची नक्कल करा, त्याने बोट वर करायचं. मग त्याच्या स्वतःच्या टिक्सवर बोट. पाचपैकी चार टिक्स पकडेपर्यंत पुढे जाऊ नका. या पायरीत घाई केली की पुढचं सगळं डळमळतं. मूल टिक झाल्यावर हालचाल करतं आणि चाहूल तशीच राहते.

मग विरोधी हालचाल, ३० मिनिटं. निकष तीन: टिक होऊ देऊ नये, एक मिनिट किंवा चाहूल ओसरेपर्यंत (जे जास्त असेल ते) धरता यावी, आणि शेजारच्या बाकावरच्या मुलाच्या लक्षात येऊ नये. नीलसाठी: नजर समोर, खांदे खाली, हनुवटी किंचित आत घेऊन मानेचे स्नायू हलके ताणलेले. हात मोकळे, कारण त्याला लिहायचं असतं. आधी तुम्ही करून दाखवा, मग त्याने, मग गप्पा मारता मारता. टिक मध्येच सुटली तरी तिथून हालचाल सुरू करायचीच.

नेहमी बिघडतं ते इथे. जोर जास्त लावला की मान दुखते आणि तिसऱ्या दिवशी सराव बंद पडतो. ‘दहापैकी तीन एवढाच जोर’ असं सांगा. पंधरा सेकंदांत सोडून दिलं, तर चाहूल शिखरावर असतानाच टिकला वाट मिळते. म्हणून घड्याळ लावा आणि दर १५ सेकंदांनी चाहूल ० ते १० मध्ये विचारा. आकडा उतरताना नीलने स्वतः पाहिला पाहिजे, आपल्या सांगण्यावर तो विश्वास ठेवणार नाही. चाहूल जाणवतच नसेल तर टिकची पहिली हालचाल, म्हणजे इथे वर येणारा खांदा, हीच खूण धरा.

उरलेल्या वेळात आईबाबांना आत बोलवा आणि आठवण करणं, कौतुक करणं त्यांच्याकडून करून घ्या. बाबांचा ‘सराव!’ दरडावल्यासारखा येतो. इथेच दोनतीनदा म्हणवून घ्या.

खाकरण्याची टिक तिसऱ्या सत्रात: तोंड मिटून नाकाने संथ श्वास आत, श्वास बाहेर सोडणं त्याहून लांब. मात्र आठवड्यात मानेचा सरावच झाला नसेल, तर नवी टिक घेऊ नका. सराव का राहिला ते आधी शोधा. बहुतेक वेळा वेळ ठरलेली नसते, किंवा भावंड चिडवत असतं. टिक्स आपोआपही वरखाली होतात, त्यामुळे एका चांगल्या आठवड्यावर उपचार आवरू नका आणि एका वाईट आठवड्यावर हालचाल बदलू नका.